रक्त पाळीच्या कितव्या दिवशी घेतलं?

एफएसएच ९.८, एलएच ३४, इस्ट्राडायॉल २१२, प्रोलॅक्टिन ४१, टीएसएच २.६. सव्वीस वर्षांच्या एका तरुणीच्या हातात हा रिपोर्ट पडतो. तिची पाळी कधी अडतीस दिवसांनी येते, कधी पन्नास. प्रोलॅक्टिनचा आकडा ठळक छापलेला आहे आणि त्याच्यापुढे ‘हाय’ असा शेरा आहे. एलएचपुढे काहीच शेरा नाही, पण एलएच हे एफएसएचच्या दुप्पट-तिप्पट झालं की पीसीओडी समजायचं, असं घरात कुणीतरी कुठेतरी वाचलेलं असतं. ३४ला ९.८ने भागलं तर उत्तर साडेतीनच्या घरात जातं. मग पीसीओडीचं निदान घरातच पक्कं होतं, आणि प्रोलॅक्टिनमुळे मेंदूचा एमआरआय करावा लागणार की काय, ही धास्ती वेगळीच.

हे उदाहरण कुणा एकीचं नाही, समजावून सांगण्यासाठी जुळवलेलं आहे. पण अशी गफलत नेहमी होते. ती होते कारण त्या कागदावर नाव, वय, वेळ, बारकोड सगळं असतं, आणि एक गोष्ट मात्र बहुतेकदा नसते: रक्त घेतलं तेव्हा पाळीचा कितवा दिवस चालू होता?

साखर किंवा हिमोग्लोबिन तपासताना हा प्रश्न येत नाही. पाळीशी जोडलेल्या हॉर्मोन्सचं तसं नाही, कारण ती महिनाभर एका पातळीवर राहतच नाहीत. पाळीच्या पहिल्या चार-पाच दिवसांत इस्ट्राडायॉल आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही तळाला असतात. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एफएसएच सोडून अंडाशयातल्या काही स्त्रीबीजांना वाढीला लावते. त्यातलं एक पुढे जातं, त्याच्याभोवतीचं पाण्याचं फुगं मोठं होतं आणि त्यातून इस्ट्राडायॉल वाढत जातं. ते पुरेसं वाढून दोनेक दिवस टिकलं की पीयूषिका एकदम एलएचचा लोंढा सोडते. त्यानंतर साधारण दीड दिवसात स्त्रीबीज फुटून बाहेर पडतं. उरलेल्या कोशातून प्रोजेस्टेरॉन तयार होऊ लागतं, आठवड्याभरात ते शिखराला पोचतं, आणि गर्भ राहिला नाही तर पुन्हा खाली येतं. मग पाळी येते.

यातला दुसरा टप्पा, म्हणजे स्त्रीबीज फुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा, बहुतेक बायकांत बराचसा ठरलेला असतो, बारा ते चौदा दिवसांच्या आसपास. कमीजास्त होतो तो पहिला टप्पा. पाळी लांबते तेव्हा स्त्रीबीज पिकायलाच वेळ लागलेला असतो. ही एक गोष्ट ध्यानात राहिली की पुढचं सगळं गणित सोपं होतं.

आता रिपोर्टच्या उजव्या बाजूचा रकाना पाहू. भारतातल्या अनेक लॅबमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत एलएचची संदर्भमर्यादा चार ओळींत छापलेली असते. पाळीनंतरच्या पहिल्या टप्प्यात २.४ ते १२.६, स्त्रीबीज फुटण्याच्या सुमारास १४ ते ९५.६, त्यानंतरच्या टप्प्यात १ ते ११.४ आणि पाळी कायमची गेल्यावर ७.७ ते ५८.५. आपल्या उदाहरणातला ३४ हा आकडा पहिल्या ओळीप्रमाणे बराच जास्त आहे. दुसऱ्या ओळीप्रमाणे तो अगदी योग्य आहे. चौथ्या ओळीतही तो बसतो. यातली कोणती ओळ लागू करायची, हे यंत्राला कळत नाही. म्हणूनच एलएचपुढे ‘हाय’ किंवा ‘लो’ काही छापलेलं नव्हतं. शेरा नसण्याचा अर्थ ‘नॉर्मल’ असा नव्हता. लॅबला पाळीची तारीखच माहीत नव्हती, एवढाच होता.

तारखा मांडल्या की चित्र उलगडतं. या तरुणीला आधीची पाळी ३ मार्चला आली होती. रक्त दिलं २९ मार्चला, म्हणजे सत्ताविसाव्या दिवशी. पुढची पाळी आली १३ एप्रिलला, रक्त दिल्यानंतर बरोबर पंधरा दिवसांनी. पाळीपासून मागे मोजत आलं तर रक्त नेमकं स्त्रीबीज फुटण्याच्या तोंडावर घेतलेलं दिसतं. एलएच ३४ होतं ते त्या लोंढ्यामुळे. इस्ट्राडायॉल २१२ होतं, कारण पिकलेलं फुगं तयार होतं. साडेतीनपट गुणोत्तर हा आजाराचा पुरावा नव्हता, उलट त्या महिन्यात शरीर स्त्रीबीज सोडायच्या तयारीत असल्याची ती खूण होती.

रक्त घेतलं त्या दिवशी हे कुणालाच सांगता आलं नसतं. पाळी अनियमित असलेल्या बाईच्या रिपोर्टचा अर्थ पुष्कळदा पुढची पाळी आल्यावरच लागतो. म्हणून रिपोर्ट फाइलमध्ये टाकून विसरण्याऐवजी, त्यानंतर पाळी कधी आली ती तारीख त्याच कागदावर लिहून ठेवलेली बरी.

१५ एप्रिलला, पाळीच्या तिसऱ्या दिवशी, पुन्हा रक्त घेतलं. एफएसएच ६.२, एलएच ७.४, इस्ट्राडायॉल ३८. तीच बाई, तीच लॅब, मध्ये सतराच दिवस गेलेले. घाबरवणारं गुणोत्तर आता जवळपास एकास एक झालं होतं.

एफएसएच, एलएच आणि इस्ट्राडायॉलसाठी दुसरा ते चौथा दिवस सांगतात तो याचसाठी. तेव्हा सगळी हॉर्मोन्स तळाला असतात, आणि एका बाईची दुसरीशी किंवा आजच्या रिपोर्टची वर्षापूर्वीच्या रिपोर्टशी तुलना करता येते. पहिला दिवस कोणता धरायचा, यात मात्र हमखास चूक होते. नुसते डाग लागले तो दिवस मोजायचा नाही. नेहमीसारखा रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस. पाळी रात्री उशिरा आली असेल तर पुष्कळ डॉक्टर दुसऱ्या दिवसापासून मोजायला सांगतात. आधी तीन दिवस डाग लागत असतील आणि तेही मोजले गेले, तर दुसऱ्या दिवसाचं म्हणून दिलेलं रक्त प्रत्यक्षात पाळी येण्याच्या आधीचं असू शकतं.

या तीन आकड्यांमध्ये इस्ट्राडायॉलचं काम बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ते एफएसएचवर लगाम ठेवतं. अडतीस वर्षांच्या एखादीची पाळी वारंवार, बावीस-तेवीस दिवसांनी येऊ लागली आहे आणि तिसऱ्या दिवसाचं एफएसएच ८.५ आहे, असं धरू. आकडा पाहून निर्धास्त वाटेल. पण त्याच रक्तात इस्ट्राडायॉल १४० असेल तर गोष्ट बदलते. तिसऱ्या दिवशी ते साधारण सत्तर-ऐंशीच्या आत असावं. १४० याचा अर्थ एखादं बीज वेळेआधीच वाढीला लागलेलं आहे, किंवा आधीच्या महिन्याचा सिस्ट राहिलेला आहे, आणि त्या इस्ट्राडायॉलनेच एफएसएच दाबून धरलं आहे. म्हणून एकट्या एफएसएचचा रिपोर्ट अपुरा. पैसे वाचवायचे म्हणून इस्ट्राडायॉल गाळलं, तर उरलेल्या आकड्यावर विसंबता येत नाही.

याच्या उलटही होतं. स्त्रीबीज फुटण्याच्या सुमारास एलएचबरोबर एफएसएचही थोडं चढतं, विशीपर्यंत जाऊ शकतं. त्या दिवशीचा १८ हा आकडा तिसऱ्या दिवसाचा समजून वाचला, तर अंडाशय लवकर थकत चालल्याचा अर्थ कुणीतरी काढेल. चाळिशीच्या आत अंडाशयाचं काम मंदावलं, असं म्हणण्यासाठी पाळी निदान चार महिने बंद किंवा अनियमित असावी लागते आणि एफएसएच २५च्या वर असावं लागतं. शंका वाटली तर चार ते सहा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात.

दिवसाचा सगळ्यात मोठा घोळ होतो तो प्रोजेस्टेरॉनमध्ये. स्त्रीबीज फुटलं की नाही, हे पाहण्यासाठी ही तपासणी ‘एकविसाव्या दिवशी’ करा, असं सांगितलं जातं. हा एकविसावा दिवस अठ्ठावीस दिवसांच्या पाळीसाठी आहे. त्यामागचा खरा हिशेब ‘पाळी येण्याआधी सात दिवस’ असा आहे, कारण प्रोजेस्टेरॉन तेव्हा शिखराला असतं. अठ्ठाविसातून सात वजा केले की एकवीस येतात. पस्तीस दिवसांनी पाळी येणारीसाठी तो दिवस अठ्ठाविसावा होतो, चाळीस दिवसांनी येणारीसाठी तेहेतिसावा.

आपल्या उदाहरणातल्या तरुणीने १३ एप्रिलच्या पाळीनंतर सांगितल्याप्रमाणे एकविसाव्या दिवशी, म्हणजे ३ मे रोजी रक्त दिलं. प्रोजेस्टेरॉन आलं ०.६. साधारणपणे आकडा तीन नॅनोग्रॅमच्या वर गेला की स्त्रीबीज फुटलं असं मानतात, आणि पुष्कळ डॉक्टरांना तो दहाच्या आसपास दिसला की खात्री वाटते. ०.६ वाचून ‘बीजच तयार होत नाही’ असं तिला सांगितलं गेलं असतं. पण तिची आधीची पाळी एक्केचाळीस दिवसांनी आली होती. त्या हिशेबाने पुढची २३ मेच्या सुमारास यायला हवी होती, आणि रक्त १६ मेला घ्यायला हवं होतं. तसं घेतलं तेव्हा प्रोजेस्टेरॉन ११.२ आलं. पाळी आली २२ मेला. पाळीपासून मागे मोजलं तर बीज फुटलं ते ८ किंवा ९ मेच्या सुमारास. ३ मेच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन सापडणंच शक्य नव्हतं. ते तयार करणारा कोश तेव्हा फुटायचाच होता.

ज्यांच्या पाळीचा काही अंदाजच बांधता येत नाही, त्यांनी काय करायचं? डॉक्टर अंदाजाने एका दिवशी रक्त घेतात आणि मग पाळी येईपर्यंत दर आठवड्याला पुन्हा घेतात. त्यातला पाळीच्या आधीच्या आठवड्यातला नमुना कामाचा ठरतो. दर आठवड्याला लॅबची वारी नको असेल तर सोनोग्राफीने बीजाची वाढ पाहत जाणं हा दुसरा मार्ग आहे. प्रोजेस्टेरॉनच्या एका आकड्यावर फार ताणून अर्थ काढू नये, याला आणखी एक कारण आहे. पाळीआधीच्या दिवसांत ते रक्तात झटक्याझटक्याने सोडलं जातं, आणि एकाच बाईत काही तासांतसुद्धा आकड्यात मोठा फरक पडतो. ११ आणि १६ यांतला फरक पाहून या महिन्याचं बीज चांगलं आणि त्या महिन्याचं कमजोर, असं काही ठरवता येत नाही. बीज फुटलं, एवढंच दोन्ही आकडे सांगतात.

राहिलं प्रोलॅक्टिन. दूध तयार करणारं हे हॉर्मोन वाढलं की पाळी लांबते किंवा बंद होते, म्हणून ते तपासतात. त्याला पाळीचा दिवस लागत नाही. त्याला दिवसातली वेळ लागते. झोपेत ते चढतं आणि जाग आल्यावर दोन-तीन तासांत उतरतं. घरी येऊन सॅम्पल नेण्याची सोय झाल्यापासून पुष्कळ नमुने पहाटे, अंथरुणातून उठल्या उठल्या घेतले जातात. या तरुणीचं रक्तही रविवारी सकाळी साडेसहाला, बेल वाजल्यावर डोळे चोळत उठून दिलेलं होतं. मर्यादा पंचवीसची आणि आकडा ४१. पुढच्या खेपेला ती नऊ वाजता लॅबमध्ये गेली, पंधरा-वीस मिनिटं शांत बसली आणि मग रक्त दिलं. प्रोलॅक्टिन आलं १६. सुईची भीती, धावपळ, जिना चढून येणं, स्तनांची तपासणी, यांनीही ते थोडंफार वाढतं. म्हणून पंचवीस ते पन्नासच्या मधला आकडा आला तर आधी तपासणी नीट पुन्हा करायची आणि एमआरआयचा विचार नंतर.

फेरतपासणीतही आकडा चढाच राहिला तर औषधांची पिशवी समोर ठेवावी. अ‍ॅसिडिटी आणि गॅससाठी आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये पित्ताच्या औषधाबरोबर डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं. दोन्ही प्रोलॅक्टिन वाढवतात, लेव्होसल्पिराइड तर चांगलंच वाढवतं. ‘पित्ताची गोळी’ म्हणून रोज सकाळी घेतली जात असल्यामुळे पाळीबद्दल बोलताना तिचा उल्लेखही होत नाही. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात घटकांची नावं असतात, ती वाचावीत. मानसिक आजारावरची काही औषधंही असाच परिणाम करतात. पण ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाहीत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारायचं. थायरॉइड कमी असेल तरी प्रोलॅक्टिन वाढतं, म्हणून टीएसएच जोडीने तपासतात. टीएसएचला पाळीचा कोणताही दिवस चालतो.

केसगळतीसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्यांची गोष्ट याहून वेगळी आहे. त्या शरीरातलं हॉर्मोन बदलत नाहीत, तपासणीच बिघडवतात. अनेक यंत्रांच्या रसायनात बायोटिनचाच वापर केलेला असतो. रक्तात ते जास्त असलं की एफएसएच, एलएच, प्रोलॅक्टिन, टीएसएच खोटे कमी दिसू शकतात, आणि इस्ट्राडायॉल, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन खोटे जास्त. केसांच्या गोळ्यांमध्ये पाच किंवा दहा मिलिग्रॅम बायोटिन असतं, रोजच्या गरजेच्या शेकडो पट. रक्त देण्याआधी निदान दोन-तीन दिवस ती थांबवावी आणि लॅबला तसं सांगावं. रिपोर्ट आणि लक्षणं यांचा अजिबात मेळ बसत नसेल तर हा प्रश्न आवर्जून विचारायचा.

गर्भनिरोधक गोळ्या किंवा पाळी ‘नियमित करण्याच्या’ हॉर्मोनच्या गोळ्या चालू असताना केलेल्या तपासणीचंही असंच आहे. गोळ्या अंडाशयाचं स्वतःचं काम थांबवतात, त्यामुळे एफएसएच, एलएच कमी येतात आणि टेस्टोस्टेरॉनही दबलेलं दिसतं. गोळीवर असताना महिन्याच्या महिन्याला येणारा रक्तस्राव ही खरी पाळी नसते, त्यामुळे त्याचा तिसरा दिवस हा तिसरा दिवस ठरत नाही. टेस्टोस्टेरॉन विश्वासाने मोजायचं तर गोळ्या बंद करून निदान तीन महिने थांबावं लागतं, आणि तोवर गर्भ राहू नये म्हणून दुसरं साधन वापरावं लागतं. एएमएच हे हॉर्मोन पाळीच्या कोणत्याही दिवशी मोजता येतं, पण गोळ्यांवर असताना तेही कमी येतं.

काही जणींना तीन-चार महिने पाळीच येत नाही. तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची वाट पाहण्याआधी गर्भचाचणी करायची, ती सर्वांत पहिली. ती निगेटिव्ह असेल तर डॉक्टर त्याच दिवशी रक्त घेतात आणि सोनोग्राफी करून दोन्हींचा मेळ घालतात, किंवा काही दिवस प्रोजेस्टेरॉनसारखी गोळी देऊन पाळी आणतात आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नमुना घेतात. पहिल्या पद्धतीत इस्ट्राडायॉल आणि प्रोजेस्टेरॉनही मोजलेलं असावं. दोन्ही तळाला असतील तर तो नमुना पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांसारखाच वाचता येतो. चढलेले असतील तर तो मधल्याच कुठल्यातरी टप्प्याचा आहे हे कळतं.

मग या तरुणीला पीसीओडी आहे की नाही? दुसऱ्या रिपोर्टने गुणोत्तराचा धाक काढून टाकला, पण त्याने पीसीओडी नाही असंही सिद्ध झालं नाही. त्याच्या निदानाच्या आंतरराष्ट्रीय निकषांत एलएच आणि एफएसएचचं गुणोत्तर नाहीच. तिथे तीन गोष्टी पाहतात: अनियमित पाळी, पुरुषी हॉर्मोन वाढल्याची चिन्हं किंवा रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, आणि सोनोग्राफीत अंडाशयात दिसणारे पुष्कळ छोटे बीजकोश किंवा त्याऐवजी एएमएच. या तीनपैकी दोन असावे लागतात आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन यांसारखी इतर कारणं बाजूला सारावी लागतात. पाळी पस्तीस दिवसांपेक्षा जास्त लांबत असल्याने पहिली गोष्ट तिच्यात आहेच. हनुवटीवर राठ केस असते किंवा टेस्टोस्टेरॉन वाढलेलं असतं, तर तेवढ्यावर निदान झालं असतं. तसं काही नाही, म्हणून आता सोनोग्राफी किंवा एएमएच ठरवेल. किशोरवयीन मुलींमध्ये मात्र सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, असं हीच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, आणि एएमएच तर किशोरवयात निदानासाठी वापरूच नये. त्या वयात अंडाशय तसाही भरलेला दिसतो, आणि पाळी सुरू झाल्याच्या पहिल्या वर्षात ती अनियमित असणं स्वाभाविक आहे.

टेस्टोस्टेरॉनसोबत कधी कधी १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन ही तपासणी लिहून देतात. अ‍ॅड्रिनल ग्रंथीतला एक जन्मजात दोष हुबेहूब पीसीओडीसारखा दिसतो, तो ओळखण्यासाठी. तिचा नमुना पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत आणि सकाळी आठच्या सुमारास घ्यावा लागतो. बीज फुटल्यानंतर हे हॉर्मोन निरोगी बाईतही वाढतं, आणि अवेळी घेतलेल्या नमुन्यामुळे नसलेल्या दोषाची शंका येऊ शकते.

लॅबच्या फॉर्मवर ‘एलएमपी’ असा रकाना असतो, म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसाची तारीख. तो बहुधा कोरा सुटतो. घरी आलेल्या मुलाला ती तारीख आणि चालू असलेल्या गोळ्यांची नावं आपण होऊन सांगितली, तर ती रिपोर्टवर छापून येऊ शकतात. ‘पीसीओडी प्रोफाइल’ नावाच्या पॅकेजमध्ये सगळ्या तपासण्या एकाच दिवशी होतात. पाळीच्या तिसऱ्या दिवशी ते केलं, तर एफएसएच, एलएच, इस्ट्राडायॉल, टेस्टोस्टेरॉन, टीएसएच, एएमएच आणि वेळ सांभाळली तर प्रोलॅक्टिनही त्यात उरकतं. प्रोजेस्टेरॉन मात्र त्या दिवशी तळाला असायलाच हवं. ते स्त्रीबीज फुटलं का हे पाहण्यासाठी मोजायचं असेल, तर पॅकेजमधून काढून पुढच्या पाळीआधीच्या आठवड्यासाठी वेगळं ठेवायला सांगावं.